कराडला सहा महिन्यांत एकदाही दहा तारीख उजाडली नाही

बी.कॉम. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती शेतीपंप, पाइप आणि ठिबकचं साहित्य विकणाऱ्या एका फर्ममध्ये. मुख्य ऑफिस सांगलीत, शाखा तीन: मिरज, कराड आणि जत. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मालकांच्या मुलानं, म्हणजे ऑफिसात सगळे ज्याला दादा म्हणतात त्यानं, मला एक एक्सेल फाईल पाठवली आणि म्हणाला, "एप्रिल ते सप्टेंबर, कुठल्या शाखेची कुठल्या महिन्यात किती विक्री झाली, एवढंच काढून दे. तीन बाय सहाचा तक्ता. दुपारपर्यंत होईल ना?"

मी हो म्हणाले. त्या तक्त्याला आठ दिवस लागले.

फाईलमध्ये ४,८१२ ओळी होत्या. तिन्ही शाखांनी आपापली माहिती मेलवर पाठवलेली आणि कुणीतरी ती एकाखाली एक चिकटवलेली. कॉलम साधेच होते: बिल नंबर, शाखा, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, माल, नग, दर, रक्कम. एका बिलात चार वस्तू असतील तर त्याच्या चार ओळी. हे शेवटचं वाक्य आज मी सहज लिहून गेले, पण त्या दिवशी ते माझ्या डोक्यात नव्हतं, आणि पहिला घोळ तिथंच झाला.

क्लासमध्ये शिकवलं होतं की फाईल आली की आधी डुप्लिकेट काढायचे. `Data` मध्ये गेले, `Remove Duplicates` दाबलं. कुठल्या कॉलमवरून ओळखायचं असं त्यानं विचारलं. मी विचार केला, बिल नंबर एकदाच असतो, तर बिल नंबरवरच टिक ठेवू. एक्सेलनं लगेच सांगितलं की ३,१७२ डुप्लिकेट सापडले आणि काढून टाकले, १,६४० ओळी उरल्या. मला तर भारी वाटलं. दोन तृतीयांश कचरा एका क्लिकमध्ये गेला!

बेरीज घेऊन मी आमच्या अकाउंटंट काकांकडे गेले. काका पंचवीस वर्षं इथंच आहेत, त्यांच्याकडे शाखानिहाय, महिनानिहाय आकडे वहीत असतात. त्यांनी आकडा बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, एवढीच विक्री झाली असती तर आपल्याला दुकान बंद करावं लागलं असतं की."

प्रत्येक बिलाची पहिली ओळ ठेवून बाकीचा माल मी उडवला होता. पंप राहिला होता. त्याच्यासोबतची केबल, स्टार्टर, पाइप सगळं गेलेलं. `Ctrl+Z` नं ते परत आलं, कारण मी अजून फाईल बंद केली नव्हती. सेव्ह करून बंद केली असती तर दादाकडे पुन्हा फाईल मागावी लागली असती. तेव्हा काकांनी दोन गोष्टी करायला लावल्या. आलेली शीट जशीच्या तशी एका बाजूला ठेवायची, तिला `मूळ` नाव द्यायचं आणि तिच्यात बोटसुद्धा घालायचं नाही. आणि कामाच्या शीटमध्ये पहिलाच कॉलम अनुक्रमांकाचा, १ ते ४,८१२, आकडे टाइप केलेले, सूत्राचे नाहीत. म्हणजे कितीही उलटसुलट सॉर्ट केलं तरी मूळ क्रमावर परत येता येतं. (खालच्या सूत्रांतली कॉलमची अक्षरं हा अनुक्रमांक सोडून दिली आहेत: `A` बिल नंबर, `C` तारीख, `D` नाव, `F` माल, `G` नग, `H` दर. `E` मी मोकळा ठेवला होता.)

मग अनुक्रमांक सोडून बाकी सगळ्या कॉलमवर टिक ठेवून पुन्हा प्रयत्न केला. या वेळी फक्त ११ डुप्लिकेट सापडले. आधी तीन हजार, आता अकरा. यातलं खरं काहीच नाही हे मलाही कळलं, पण का ते कळेना. म्हणून त्याही ओळी परत आणल्या, डुप्लिकेटचा विषय तिथंच थांबवला आणि रिकाम्या जागांकडे वळले. आता वाटतं, तेवढा एक निर्णय नकळत बरोबर झाला.

रिकाम्या जागा सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाच्या नावात होत्या, आणि त्याही मुख्यतः मिरजेच्या ओळींत. तिथलं बिलिंग सॉफ्टवेअर नाव बिलाच्या पहिल्या ओळीतच छापतं. खालच्या ओळी रिकाम्या. छापील बिलावर ते दिसायला बरं, पण शीटमध्ये ओळी सुट्या होतात आणि नाव नसलेल्या ओळी अनाथ होतात. याचा उपाय मला माहीत होता: कॉलम निवडायचा, `F5`, `Special`, `Blanks`, मग `=` टाइप करून वरचा बाण आणि `Ctrl+Enter`. प्रत्येक रिकाम्या जागेत वरचं नाव उतरतं. दहा सेकंदांचं काम.

ते केलं आणि गंमत म्हणून कुणी किती माल नेला ते बघितलं. मिरजेजवळच्या एका शेतकऱ्यानं सहा महिन्यांत ४७ पंप घेतले होते. काकांना विचारलं, हे कोण मोठे बागायतदार? काका हसायलाच लागले. "तो? त्याची दोन एकर हळद आहे. गेल्या उन्हाळ्यात एक पंप नेला, त्याचेही पैसे दोन हप्त्यांत दिले."

झालं होतं असं की काउंटरवरच्या रोख विक्रीत नाव लिहीतच नाहीत. त्या बिलाची पहिली ओळसुद्धा रिकामी. त्या शेतकऱ्याच्या बिलानंतर रोखीची बिलं रांगेनं आलेली, आणि माझ्या `Ctrl+Enter` नं ती सगळी त्याच्या नावावर चढवली. म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन प्रकारच्या रिकाम्या जागा होत्या. एकीचा अर्थ 'वरचंच नाव', दुसरीचा अर्थ 'नावच नाही'. दिसायला दोन्ही सारख्याच. फरक करायचा तर बिल नंबर बघायला हवा: वरच्या ओळीचा बिल नंबर तोच असेल तरच वरचं नाव खाली आणायचं. त्यासाठी `E` कॉलममध्ये हे सूत्र टाकलं:

```
=IF(TRIM(D2)<>"",D2,IF(A2=A1,E1,"रोख"))
```

`TRIM` घातलंय कारण काही जागा रिकाम्या दिसत होत्या, पण त्यांत कुणीतरी स्पेसबार दाबलेला होता. `Blanks` वापरून निवडताना अशा जागा सुटतात. एक्सेलच्या लेखी त्या भरलेल्या असतात. आणि हे सूत्र ओळींच्या क्रमावर उभं आहे. ते तसंच ठेवून मी एकदा रकमेवर सॉर्ट केलं आणि नावं अशी विस्कटली की विचारू नका, कारण 'वरची ओळ' आता भलतीच होती. अनुक्रमांकावर सॉर्ट करून परत आणलं, मग कॉलम कॉपी करून `Paste Special` मधून `Values` म्हणून चिकटवला. सूत्रं गेली, नावं राहिली.

नगांच्या कॉलममध्ये ३७ रिकाम्या जागा होत्या. त्यांतल्या २८ ओळींत दर आणि रक्कम दोन्ही होते, त्यामुळे भागाकार करून नग निघाले. उरलेल्या नऊ ओळींत फक्त रक्कम आणि 'किरकोळ साहित्य'. तिथं शून्य टाकायचा मोह झाला, शीट भरलेली दिसली असती. पण एक्सेल सरासरी काढताना रिकामी जागा सोडून देतं आणि शून्य मात्र मोजतं. शून्य टाकलं की आपण 'माहीत नाही' ऐवजी 'काहीच विकलं नाही' असं लिहितो. त्या नऊ ओळी मी पिवळ्या केल्या आणि तशाच ठेवल्या. दादाला हवी होती ती रकमेची बेरीज, आणि रक्कम त्यांत होतीच.

आता तारखा. आठातले चार दिवस इथं गेले.

सुरुवात अशी झाली की पिव्होट टेबलमध्ये तारखा महिन्यांत गटवायला गेले, तर एक्सेल म्हणालं, `Cannot group that selection.` कॉलममध्ये एक जरी तारीख टेक्स्ट असली तर हे होतं. एक्सेलसाठी खरी तारीख म्हणजे एक आकडा असतो, १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवस. १ एप्रिल २०२४ म्हणजे `45383`. आपल्याला दिसतो तो त्याच्यावर चढवलेला पोशाख. आणि टेक्स्ट म्हणजे नुसती अक्षरं, ज्यांत योगायोगानं तारखेसारखं काहीतरी लिहिलंय. ओळखायची सोपी खूण अशी की कॉलमचं अलाइनमेंट कुणी बदललेलं नसेल तर खऱ्या तारखा सेलच्या उजवीकडे टेकतात आणि टेक्स्ट डावीकडे. पक्की खात्री हवी असेल तर `=ISNUMBER(C2)`.

शाखा एकेक करून फिल्टर लावला. मिरजेच्या सगळ्या तारखा खऱ्या होत्या. जतच्या सगळ्या टेक्स्ट, कारण तिथला माणूस हातानं `12.4.24` असं टाइप करतो आणि टिंबाची तारीख आमच्या सेटिंगवर एक्सेलला कळत नाही. टिंब काढून तिरकी रेघ घातली, `Find and Replace` नं, आणि त्या खऱ्या झाल्या. हे माझ्या कॉम्प्युटरवर जमलं कारण विंडोजची तारखेची सेटिंग भारताची आहे, दिवस आधी. सेटिंग अमेरिकेची असती तर त्याच क्षणी `12/4/24` ची ४ डिसेंबर झाली असती. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नशीब म्हणायचं.

कराडच्या तारखा मात्र अर्ध्यामुर्ध्या होत्या, काही डावीकडे, काही उजवीकडे. डावीकडच्या `13/04/2024`, `27/06/2024` अशा. त्यांचं काम `Text to Columns` नं केलं: तिसऱ्या पायरीवर `Date` निवडायचं आणि शेजारच्या यादीतून `DMY`. सगळ्या उजवीकडे सरकल्या. पिव्होटनं आता मुकाट्यानं महिने पाडले.

आणि कराडच्या ओळीत बारा महिने आले. जानेवारीत विक्री, फेब्रुवारीत विक्री. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०२४ मध्येसुद्धा विक्री, आणि आम्ही अजून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होतो. दिवाळी व्हायची होती आणि कराडचा डिसेंबर तयार होता.

एक ओळ उघडून बघितली: `04-03-2024`. ४ मार्च. पण बिल नंबर `KRD/0009`, आणि त्यांचे बिल नंबर १ एप्रिलपासून नव्यानं सुरू होतात. म्हणजे ही ३ एप्रिल असणार. दिवस आणि महिना एकमेकांच्या खुर्चीत बसले होते. बरं, मग सोपं आहे, असं म्हणून मी जानेवारी ते मार्च आणि ऑक्टोबर ते डिसेंबर एवढे फिल्टर केले, त्यांचे दिवस-महिने उलटे केले, आणि सगळ्या तारखा एप्रिल ते सप्टेंबरच्या आत आल्या. पिव्होट सुंदर दिसत होता. तक्ता दादाला पाठवण्याआधी काकांना दाखवला.

काकांनी वही उघडली. कराडची सहा महिन्यांची बेरीज अगदी रुपयापर्यंत जुळली. पण एकेक महिना घेतला तर एकही जुळेना. जूनमध्ये माझे जास्त, मेमध्ये कमी, जुलैत पुन्हा जास्त. काका म्हणाले, "पैसे हरवलेले नाहीत, जागा चुकलीय. बिल नंबरानं लाव की, आणि तारीख पुढं जाते का बघ."

हा उपाय मला कुठल्याही क्लासमध्ये कुणी सांगितला नव्हता. बिल नंबर चढत्या क्रमानं लावले की तारीखही चढतच जायला हवी; निदान मागे जायला नको. शेजारच्या कॉलममध्ये टाकलं:

```
=IF(C3<C2,"तपास","")
```

कॉलम 'तपास'नी भरून गेला. एक बिल ३ जूनचं, त्याच्या पुढचं ६ मेचं, त्याच्या पुढचं ६ जूनचं. मधलं बिल ५ जूनचं असणार, उलटून ६ मे झालेलं. आणि हे माझ्या फिल्टरमध्ये आलंच नव्हतं, कारण मे महिना एप्रिल ते सप्टेंबरच्या आत आहे. उलटलेलं, पण हद्दीच्या आत पडलेलं, म्हणून शहाण्यासारखं दिसणारं.

मग मी `मूळ` शीटवर गेले. तिथल्या कराडच्या तारखांची एक प्रत काढली, डावीकडच्या पुन्हा `Text to Columns` नं सरळ केल्या, आणि या वेळी महिना न बघता नुसता दिवस बघितला. `=DAY(C2)`, आणि कुठल्या तारखेला किती ओळी याचा पिव्होट. तेरापासून एकतीसपर्यंत सगळं भरलेलं. चार ते नऊ या तारखांवर ओळींचा ढीग. आणि एक, दोन, तीन, दहा, अकरा, बारा या तारखांना सहा महिन्यांत एकही बिल नाही. कराडच्या दुकानात एप्रिलपासून एकदाही दहा तारीख उजाडली नव्हती.

हे कळायला कागदावर मांडावं लागलं. कराडच्या सॉफ्टवेअरमधून जी फाईल निघते ती तिथल्या एका लॅपटॉपवर उघडली जायची, आणि त्या लॅपटॉपची विंडोजची सेटिंग अमेरिकेची होती, महिना आधी. आता त्या एक्सेलच्या नजरेनं बघा. `13/04/2024` आली, तर तेरावा महिना नसतो, म्हणून त्यानं हात लावला नाही, टेक्स्ट ठेवलं. ती डावीकडे टेकली, मला दिसली, मी सरळ केली. पण `03/04/2024` आली तर त्याला ती अगदी नीट तारीख वाटली, ४ मार्च, आणि त्यानं ती खरी तारीख म्हणून साठवली. म्हणजे जिथं एक्सेल अडखळलं तिथं माहिती शाबूत होती, आणि जिथं ते न अडखळता पुढं गेलं तिथं बिघडली. उजवीकडे टेकलेल्या, 'खऱ्या' तारखाच खोट्या होत्या.

उलटल्यावर मूळ महिना दिवसाच्या जागी येतो. महिने एप्रिल ते सप्टेंबर, म्हणून दिवस फक्त ४ ते ९. तो ढीग तिथून आला. प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस उलटले, सहा महिन्यांचे ७२. त्यांतले १, २, ३, १०, ११, १२ हे दिवस महिना होऊन हद्दीबाहेर पडले: असे ३६, जे मी पकडले होते. बाकीचे ३६ हद्दीच्या आतच राहिले. त्यांतल्या ४ एप्रिल, ५ मे, ६ जून अशा सहा तारखा उलटूनही त्याच राहतात. उरलेल्या ३० चुकीच्या महिन्यात निवांत बसल्या होत्या. मी निम्म्याहून थोडा जास्त आजार बरा केला होता आणि उरलेला नजरेआड केला होता.

दुरुस्ती मग एका ओळीची होती. या प्रतीत १२ पर्यंतचा दिवस असलेली प्रत्येक तारीख उलटलेलीच असणार, कारण टेक्स्टमधून सरळ केलेल्या सगळ्या तेरा किंवा त्यापुढच्या आहेत:

```
=IF(DAY(C2)<=12,DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2)),C2)
```

हे फक्त कराडच्या ओळींवर. मिरजेवर लावलं तर तिथल्या चांगल्या तारखा बिघडतील. आणि एकदाच. मी घाईत त्याच्या उत्तरावर पुन्हा तेच सूत्र ओढलं आणि सगळं परत उलटं झालं; ते लक्षात आलं ते 'तपास' कॉलममुळे. तो कॉलम शेवटपर्यंत काढला नाही. दुरुस्तीनंतर कराडच्या सगळ्या ओळींत दोनच 'तपास' उरले, आणि ती बिलं खरोखरच मागच्या तारखेनं केलेली होती. काकांना ती आठवत होती. वर्णन मी इथं देत नाही, पण ती त्यांनी बऱ्याच रागानं आठवली.

खरं तर या सगळ्याचा मुळातला उपाय म्हणजे कराडची कच्ची `.csv` फाईल एक्सेलमध्ये थेट न उघडता `Data` मधल्या `From Text/CSV` नं आत घ्यायची, आणि तारखेच्या कॉलमला `Using Locale` मध्ये `English (India)` सांगायचं. मग कॉम्प्युटरची सेटिंग काहीही असो, दिवस आधीच वाचला जातो. मी कराडला फोन करून ती फाईल मागितलीही. तिथल्या मुलानं लगेच पाठवली. उघडली तर त्यातही तेच, कारण पाठवण्याआधी त्यानं ती 'एकदा बघून घेतली' होती, आणि बंद करताना एक्सेल वर्कबुक म्हणून सेव्ह केली होती.

तारखा झाल्यावर डुप्लिकेटकडे परत आले, आणि ते ११ चं कोडं तेव्हा सुटलं. मिरजेनं ऑगस्टची माहिती दोनदा पाठवली होती: एकदा सोळा तारखेला, पंधरा दिवसांची, आणि मग महिना संपल्यावर पूर्ण. दोन्ही एकाच फाईलमध्ये चिकटलेल्या. पण पहिल्या खेपेत तारीख `05-08-2024` अशी दिसत होती आणि दुसऱ्या खेपेत `05-Aug-24` अशी. आतला आकडा एकच, पोशाख वेगळा. `Remove Duplicates` मात्र सेलमध्ये जे दिसतं त्यावर जातं, त्यामुळे त्याच्या लेखी या दोन वेगळ्या ओळी. सगळ्या कॉलमला एकच फॉर्मॅट दिल्यावर आकडा वाढला, पण तरी काही जोड्या सुटतच होत्या. डोळ्याला हुबेहूब सारखे असणारे दोन बिल नंबर `=A2=A950` असे विचारले तर उत्तर `FALSE`. `LEN` लावलं तर एकाची लांबी ८, दुसऱ्याची ९. शेवटी एक न दिसणारी जागा होती, आणि ती साधी स्पेस नव्हती, `TRIM` नं जाईना. सॉफ्टवेअरच्या वेबपेजवरून कॉपी केलं की अशी वेगळी स्पेस चिकटून येते. ती अशी काढली:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

हेही `Values` म्हणून परत `A` मध्ये चिकटवलं. आता पुन्हा `Remove Duplicates` दाबायची माझी हिंमत नव्हती. त्याऐवजी काही न उडवता आधी खूण केली. बिल नंबर, माल, नग आणि दर चारही सारखे असलेली ओळ कितव्यांदा आली ते मोजायचं:

```
=COUNTIFS($A$2:A2,A2,$F$2:F2,F2,$G$2:G2,G2,$H$2:H2,H2)
```

पहिल्यांदा आली तर १, पुढच्या वेळी २. अशा एकापेक्षा जास्तवाल्या २०५ ओळी निघाल्या. त्यांतल्या १८६ मिरजेच्या, १ ते १५ ऑगस्टमधल्या, आणि त्या बिलांची प्रत्येक ओळ दोनदा होती, पूर्ण बिलच्या बिल. राहिलेल्या १९ इकडंतिकडं विखुरलेल्या. त्या बिलांत फक्त एकच वस्तू दोनदा होती, बाकीच्या एकदाच. काकांनी एका बिलाची कार्बन प्रत काढून दाखवली: तीन इंची पाइप, पाच नग, खाली दुसऱ्या वस्तू, आणि शेवटी पुन्हा तीन इंची पाइप, पाच नग. "बिल होईस्तोवर गिऱ्हाईक म्हणतं, अजून पाच टाका. मग पोरगं वर जाऊन दहा करत नाही, खाली नवी ओळ टाकतं." म्हणजे ती खरी विक्री. ते पाइप खरोखर गेले होते आणि त्यांचे पैसे खरोखर आले होते.

१८६ ओळी काढल्या, १९ ठेवल्या. ४,६२६ उरल्या. हा निवाडा मी पहिल्या दिवशी करूच शकले नसते, कारण 'ऑगस्टचे पहिले पंधरा दिवस' हे तारखा दुरुस्त झाल्याशिवाय आणि एका पद्धतीनं लिहिल्याशिवाय दिसलंच नसतं.

बेरीज काकांच्या वहीशी लावली. कराड आणि मिरज जुळलं. जतमध्ये माझे २,३४० रुपये जास्त. अर्धा तास शोधल्यावर एक बिल सापडलं, सप्टेंबरमध्ये रद्द झालेलं. वहीत काकांनी त्यावर लाल रेघ मारली होती. शीटमध्ये लाल रेघ मारता येत नाही, म्हणून ते राहून गेलेलं.

तक्ता दादाला दिला. सोबत एक छोटी शीट: कुठल्या ओळी काढल्या, कुठल्या तारखा बदलल्या, कुठल्या नऊ जागा अजून रिकाम्या आहेत. त्यानं तक्ता बघितला, ती शीट उघडली की नाही मला माहीत नाही. काकांनी मात्र तिची प्रिंट काढून वहीत घातली.

कराडच्या मुलाला फोनवरून एकेक पायरी सांगत लॅपटॉपची सेटिंग बदलायला लावली: `Region`, मग `English (India)`. तो म्हणाला, "ताई, यानं काय होणारंय?" मी म्हटलं, "तुमच्याकडे दहा तारीख येईल." त्याला ते कळलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला कराडची ऑक्टोबरची फाईल आली. उघडल्यावर बाकी काही न बघता आधी `DAY` चा पिव्होट काढला. पहिल्या तीन तारखांना ओळी होत्या. दहा तारखेला एकोणीस होत्या.